वसुली व्हायची आहे, तरी कमिशन खर्चात?

"ग्राहकाचे पैसे आल्यावरच एजंटला कमिशन मिळतं. मग ३१ मार्चला येणं बाकी असलेल्या बिलांवर तरतूद कशाला?"

कारण एजंटने ऑर्डर आणली, माल गेला, विक्री याच वर्षाच्या नफ्यात धरली. वसुलीच्या अटीने फक्त कमिशन देण्याची तारीख पुढे जाते, खर्चाचं वर्ष बदलत नाही. (एजंटला वसुलीचंही बरंच काम करायचं असेल, तर करार नीट वाचावा, तेवढा भाग पुढच्या वर्षाचा असू शकतो.)

समजा, एजंटमार्फत झालेल्या विक्रीपैकी करवगळता १० लाख येणं आहे आणि दर ५ टक्के. सरळ हिशेबाने ५०,००० होतात. पण त्यातले १ लाख बुडीत जातील म्हणून आधीच तरतूद केली असेल, तर कमिशन ९ लाखांवरच, म्हणजे ४५,०००. एकाच बिलाला बुडीतही म्हणायचं आणि त्यावर कमिशनही धरायचं, हे जुळत नाही.

नेहमीची चूक म्हणजे वर्षभराच्या विक्रीवर टक्केवारी लावणं. त्यात दिलेलं कमिशन दुसऱ्यांदा खर्ची पडतं. येणेकऱ्यांची बिलवार यादी घ्या. मागच्या वर्षीची न वसूल झालेली बिलंही तिच्यात हवीत. मात्र त्यांची तरतूद आधीच झालेली असते, म्हणून खर्चात फक्त फरक जातो.