पंचाहत्तर, पण किती ते किती?

द्राक्षाच्या फवारणीची वही ज्यांनी पाहिली आहे त्यांना तिचा अवतार ठाऊक असेल. औषधाचे डाग, फाटलेली पानं, कुठे तारीख आहे तर मात्रा नाही. निर्यातीच्या मालाला ही नोंद चोख लागते. म्हणून मित्राच्या मुलीनं, नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, फवारणी नोंदवायचं मोबाइल ॲप केलं आणि दिंडोरी-निफाडकडच्या आठ बागाईतदारांना ते वापरायला दिलं. प्रत्येकानं एक फवारणी नोंदवायची, मग काढणीआधी किती दिवस थांबायचं ते ॲपमध्ये शोधायचं, आणि शेवटी दहा प्रश्नांचा कागद भरायचा.

"काका, पंचाहत्तर आले! सरासरी अडुसष्ट असते, आपण वर आहोत."

तिच्या अहवालात एवढंच होतं: सरासरी 75. मी आठही कागद मागवले. (इथले आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी सुटसुटीत बांधून घेतले आहेत; गंमत तीच आहे.)

आधी तो कागद. सिस्टिम युजेबिलिटी स्केल, म्हणजे एखादी गोष्ट वापरायला किती सोयीची वाटली ते मोजणारी प्रश्नावली, बोलीत एसयूएस. जॉन ब्रूक यांनी 1986 साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना तो तयार केला. दहा विधानं, प्रत्येकाला 1 ते 5 गुण. 1 म्हणजे अजिबात पटत नाही, 5 म्हणजे पूर्ण पटतं. खोच अशी की विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची आहेत आणि सम क्रमांकाची तक्रारीची. म्हणून विषम विधानाच्या गुणांतून 1 वजा करायचा, सम विधानाचे गुण 5 मधून वजा करायचे, दहाची बेरीज घ्यायची आणि अडीचने गुणायची. उत्तर 0 ते 100 मध्ये येतं. हे टक्के नव्हेत. याच विषयाचे संशोधक जेफ सॉरो यांनी सुमारे 500 अभ्यासांचे गुण एकत्र केले तेव्हा सरासरी 68 च्या आसपास निघाली. तिच्या तोंडचं अडुसष्ट ते हे.

आठ जणांचे गुण होते 85, 77.5, 90, 72.5, 82.5, 42.5, 80 आणि 70. सरासरी बरोबर 75. पण आठच माणसं. दुसऱ्या दिवशी दुसरे आठ जण बसले असते तर 75 च आले असते का? नक्कीच नाही. मग किती हललं असतं? हा अंदाज याच आठ आकड्यांतून काढता येतो, कारण माणसामाणसांत फरक किती आहे ते त्यांत दिसतंच.

हे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत ते सांगणारं प्रमाण विचलन इथे 14.6 आहे. एका माणसाचे गुण साधारण इतके इकडे-तिकडे होतात. आठ जणांची सरासरी त्याहून कमी हलते, म्हणून 14.6 ला 8 च्या वर्गमुळाने, म्हणजे 2.83 ने भागायचं. आले 5.16. आता याला एका गुणकाने गुणायचं, आणि चूक नेमकी इथे होते. पुस्तकात 1.96 पाठ केलेला असतो, पण तो पसरण नक्की माहीत असेल तेव्हाचा. आपली पसरणही आठच जणांवरून काढलेली, म्हणजे तीही अंदाजच. त्यामुळे गुणक मोठा घ्यावा लागतो. आठ जणांसाठी 2.365. हे ज्यानं शोधलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. तिथे हाताशी थोडेच नमुने असायचे आणि निर्णय तर घ्यावाच लागायचा. कंपनीच्या नियमामुळे 1908 चा तो लेख त्यानं 'स्टुडंट' या टोपणनावानं छापला. वाइनरीच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना याचं फार नवल वाटू नये.

5.16 गुणिले 2.365 म्हणजे 12.2. एक्सेलमध्ये गुण A2 ते A9 मध्ये असतील तर एवढंच लिहायचं:

```
=CONFIDENCE.T(0.05, STDEV.S(A2:A9), 8)
```

शेजारीच CONFIDENCE.NORM आहे. तिनं चुकून तेच निवडलं असतं तर 12.2 ऐवजी 10.1 आले असते आणि पट्टा उगाच अरुंद दिसला असता. उत्तर 10.1 दिसलं की समजायचं, बोट चुकीच्या ओळीवर पडलं.

तर 75 च्या खाली 12.2 आणि वर 12.2. पट्टा 63 ते 87. यालाच 95 टक्क्यांचा कॉन्फिडन्स इंटरव्हल म्हणतात. आणि 68 या पट्ट्याच्या आत बसलाय. म्हणजे ॲप सरासरीपेक्षा बरं असेल, बरंच बरंही असेल, पण थोडं कमीही असू शकतं. या आठ कागदांवरून ठरवता येत नाही. तिचा चेहरा पडला. मी म्हटलं, अगं, वाईट बातमी नाहीये ही. साठच्या खाली असण्याची शक्यता कमी आहे, हेही हाच पट्टा सांगतोय.

एक गैरसमज तिथेच निघाला. "म्हणजे 95 टक्के शेतकरी 63 ते 87 मध्ये गुण देतील?" नाही. आपल्याच यादीत बघ: 90 बाहेर, 42.5 बाहेर, आठातले दोन. पट्टा एकेका शेतकऱ्याचा नाही, सगळ्या शेतकऱ्यांच्या सरासरीचा आहे. अशी चाचणी पुन्हा पुन्हा घेतली आणि दर वेळी याच रीतीनं पट्टा काढला, तर शंभरातले साधारण पंच्याण्णव पट्टे खरी सरासरी पोटात घेतील. आपला पट्टा त्यांतलाच की उरलेल्या पाचांतला, ते कळत नाही.

आता तो 42.5. तिचं बोट आधीपासून त्याच्यावरच होतं. "हा एक काढला तर?" काढून पाहिला. सात जणांची सरासरी जवळपास 80, पट्टा 73 ते 86. अडुसष्ट पार खाली राहिले. मोह पडणारच. म्हणून आकडा बाजूला ठेवून तो कागद वाचला.

कागद एका आप्पांचा. क्रमानं गुण असे: 4, 4, 4, 5, 4, 4, 4, 5, 3, 4. दुसरं विधान आहे 'हे ॲप उगाचच गुंतागुंतीचं वाटलं', आप्पांना पटलं. तिसरं आहे 'हे वापरायला सोपं वाटलं', तेही पटलं. दोन्ही एकदम कसं पटेल? चाचणी संपल्यावर आप्पा काय म्हणाले होते ते तिला आठवलं: "पोरीनं एवढं बनवलंय, नाही कशाला म्हणायचं?" आप्पा होकार देत गेले, आणि अर्धी विधानं तक्रारीची असल्यामुळे सगळ्यांत सौजन्यशील माणसाचे गुण सगळ्यांत कमी आले. डोळे मिटून सगळीकडे 5 लिहिले तरी एसयूएस 50 येतो. सगळीकडे 1 लिहिले तरी 50 च. म्हणून 50 च्या आसपासचा कागद दिसला की आधी गुण नव्हे, ओळी वाचाव्यात.

मग तो रद्द करायचा? थांबा. चौथ्या विधानाला आप्पांनी 5 दिलेत: 'हे वापरायला मला जाणकार माणसाची मदत लागेल.' हे मात्र सौजन्य नव्हतं. आप्पांच्या घरी मोबाइलमध्ये काही टाकायचं असलं की नातू टाकतो. नवव्याला, 'वापरताना आत्मविश्वास वाटला', तिथे फक्त 3. हाच कागद फेकला तर चाचणीतली सर्वांत उपयोगी माहिती त्याच्याबरोबर गेली.

ती म्हणाली, आप्पांना पुन्हा विचारून येते. त्यातही अडचण आहे. फक्त कमी गुण आलेल्यालाच पुन्हा विचारलं तर सरासरी वरच जाणार. हा तराजूत अंगठा ठेवण्याचा प्रकार. विचारायचं तर नियम आधी ठरवायचा, समजा दुसरं आणि तिसरं विधान दोन्हीकडे 4 किंवा जास्त असतील तर विचारायचं, आणि तो आठही कागदांना लावायचा. खरं म्हणजे हे काम माणूस समोर बसलेला असतानाच उरकायला हवं होतं. गुण न मोजता कागद एकदा वाचायचा आणि विचारायचं, "आप्पा, हे दोन्ही कसं?" सॉरो आणि जेम्स लुईस यांनी 2011 मध्ये सगळी विधानं कौतुकाचीच ठेवलेली आवृत्ती तपासली, तेव्हा गुण मूळ आवृत्तीच्या जवळपासच आले. पुढच्या वेळी तिनं तीच वापरावी असं माझं मत आहे.

या वेळी मात्र दोन्ही पट्टे लिहायचे आणि कारण लिहायचं, असं ठरलं. निकाल एका कागदावर लटकलाय हे वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे.

पट्टा अरुंद करायचा तर माणसं वाढवावी लागतात, पण वर्गमुळामुळे ते महाग पडतं. पसरण अशीच राहिली आणि आठाचे बत्तीस केले तर पट्टा निम्म्याहून थोडा अरुंद होईल; 12.2 च्या जागी साधारण 5.3 येईल. एका शेतकऱ्यामागे जाण्यायेण्यासकट अर्धा दिवस धरला तर हिशेब तुम्हीच करा. अडचणी शोधायला आठ जण पुष्कळ झाले. आप्पांनी एकट्यानं एक मोठी दाखवली. 68 शी सामना लावायला ते अपुरे आहेत.

आणि एक गोष्ट कुठल्याच सूत्रात येत नाही. हे आठ जण तिला भेटले एका व्हॉट्सॲप ग्रुपमधून. म्हणजे सगळे स्मार्टफोन वापरणारे, आप्पांसारखा नातू मदतीला असलेला एखादाच. फवारणीची वही बायकोच्या हातात असणारी घरं तर यादीतच नाहीत. 63 ते 87 हा पट्टा फक्त नशिबाची हलचल मोजतो, निवडीतला तिरकेपणा नाही. शिवाय 68 हा आकडा बहुतांशी इंग्रजी कागदांवरून आलेला, आणि तिचा कागद मराठी. विधानाचा शब्द बदलला की गुण सरकू शकतात. मूळ आठव्या विधानातला cumbersome हा शब्दच इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना अडला होता, म्हणून पुढे त्या जागी awkward वापरू लागले.

शेवटी अहवालातलं ते एक वाक्य असं झालं: 'आठ द्राक्ष बागाईतदार, सरासरी एसयूएस 75, 95 टक्के पट्टा 63 ते 87, एका कागदावर परस्परविरोधी उत्तरं आहेत, तो वगळल्यास सरासरी 80, पट्टा 73 ते 86, सर्व सहभागी एकाच व्हॉट्सॲप ग्रुपमधले.' दशांश चिन्हं मी खोडायला लावली. बारा गुणांची हलचल असताना 74.98 की 75.02 याला काही अर्थ नाही. खाली आठ ठिपक्यांची एक आडवी रेघ काढली, त्यात 42.5 चा ठिपका एकटाच डावीकडे. मार्गदर्शकांनी म्हणे पहिला प्रश्न त्या ठिपक्याबद्दलच विचारला, आणि तिच्याकडे उत्तर होतं.

आता ती ॲपमध्ये बोलून नोंद करायचं बटण टाकते आहे. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्यांची धांदल सुरू झाली की कुणी कागद भरायला बसणार नाही, म्हणून त्याआधी पुन्हा आठ घरं गाठायची आहेत, या वेळी ग्रुपबाहेरची.