नोटिशीला उत्तर आणि न्यायाधिकरणातला अर्ज: दोन कागद, दोन मुदती

बँकेची 'सरफेसी'ची, म्हणजे थकीत कर्जापोटी तारण मालमत्तेचा ताबा घेण्याची मुभा देणाऱ्या कायद्याखालची, नोटीस घरी आली की लोक दोनपैकी एक चूक करतात. काहीजण लगेच वकील गाठून "आजच स्टे आणा" म्हणतात. काहीजण बँकेला सविस्तर उत्तर लिहितात आणि आता बँक थांबली असे धरून निर्धास्त राहतात. दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे. कलम १३(२) च्या नोटिशीला द्यायचे उत्तर आणि कलम १७ खाली ऋण वसुली न्यायाधिकरणात करायचा अर्ज ही एकच गोष्ट समजली जाते. प्रत्यक्षात दोन्हींचा वाचणारा वेगळा आहे, मुदत वेगळी आहे आणि ताकदही वेगळी आहे.

गोव्यात फोंड्याजवळ राहणाऱ्या एका जोडप्याचे उदाहरण घेऊ. प्रसंग कल्पित आहे, पण असे कितीतरी घडतात. दोघांच्या नावावर गृहकर्ज आहे आणि घर तारण आहे. हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेचा. नोव्हेंबरपासून हप्ते चुकले. २० जानेवारीला त्यांनी दोन हप्त्यांइतकी रक्कम खात्यात भरली. तरी बँकेने ४ फेब्रुवारीला खाते अनुत्पादक, म्हणजे एनपीए, ठरवले आणि ३ मार्च २०२५ ची नोटीस पाठवली: साठ दिवसांत संपूर्ण कर्ज फेडा, नाहीतर घराचा ताबा घेऊ.

ही नोटीस म्हणजे अजून ताबा नव्हे. साठ दिवस, म्हणजे इथे २ मेपर्यंत, बँक कलम १३(४) खाली घराला हात लावू शकत नाही. मात्र नोटीस मिळाल्यापासून बँकेच्या लेखी संमतीवाचून घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

या साठ दिवसांत द्यायचे उत्तर कलम १३(३ए) खालचे. २००४ मध्ये मार्डिया केमिकल्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कर्जदाराचे म्हणणे ऐकले पाहिजे असे सांगितले आणि त्यानंतर हे कलम कायद्यात आले. उत्तर मिळाल्यावर बँकेने त्याचा विचार करायचा आणि ते मान्य नसेल तर पंधरा दिवसांत कारणांसह कळवायचे. बँकेने नकार दिला म्हणून तेवढ्यावर न्यायाधिकरणात जाता येत नाही, हे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे उत्तराने बँक थांबत नाही. मग ते कशाला द्यायचे? कारण पुढे न्यायाधिकरणात तुमची बाजू याच कागदावर उभी राहते.

आपल्या जोडप्याने काय लिहावे? सुरुवातीला व्यवसाय बुडाल्याची कहाणी नको. आधी तारखा आणि आकडे. एनपीए ठरण्यासाठी थकबाकी नव्वद दिवसांहून जुनी असावी लागते. २० जानेवारीची रक्कम नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या हप्त्यांना लागली असती, तर सर्वांत जुनी थकबाकी ५ जानेवारीची राहते. तिला ४ फेब्रुवारीला जेमतेम महिना होतो. मग एनपीए कसा? इथे पासबुक नव्हे, कर्जखात्याचा उतारा पाहावा लागतो, कारण अशी रक्कम कधी दंडाकडे वळवलेली असते, तर कधी निराळ्या खात्यात पडून राहिलेली असते. हरकत इतक्या साध्या शब्दांत लिहिता येते:

"आपल्या दि. ३ मार्च २०२५ च्या नोटिशीला हे कलम १३(३ए) खालील हरकतीचे निवेदन. दि. २० जानेवारीला भरलेली रक्कम कोणत्या हप्त्यांपोटी जमा केली ते कळवावे. ती नोव्हेंबर व डिसेंबरच्या हप्त्यांना लावल्यास दि. ४ फेब्रुवारीला खाते एनपीए होत नाही. कर्जखात्याचा संपूर्ण उतारा द्यावा. आमचे सर्व हक्क अबाधित राखून हे निवेदन देत आहोत."

मग बाकीचे तपासावे. नोटिशीत येणे रकमेचा तपशील आणि ताब्यात घ्यायच्या मालमत्तेचे वर्णन आहे का? नोटीस प्रत्येक कर्जदाराला गेली का? गोव्यात मालमत्ता बहुधा नवरा-बायको दोघांची असते, त्यामुळे एकालाच गेलेली नोटीस नजरेतून सुटू देऊ नये. हा कायदा शेतजमिनीवरच्या तारणाला लागू होत नाही, म्हणून जमिनीच्या महसूल नोंदीचा एक-चौदाचा उतारा काढून पाहावा. पण केवळ उताऱ्यावरच्या नोंदीवर विसंबून चालणार नाही.

त्याचे कारण गोव्याच्याच एका प्रकरणात आहे. दक्षिण गोव्यातल्या एका हॉटेलच्या तारणावरून आयटीसी विरुद्ध ब्लू कोस्ट हॉटेल्स हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये निकाल लागला. जमिनीचा काही भाग महसूल नोंदीत शेतजमीन आहे हा मुद्दा तिथे टिकला नाही. निवेदनाचा विचार करून उत्तर देणे कर्ज देणाऱ्या संस्थेवर बंधनकारक आहे, हे न्यायालयाने ठामपणे सांगितले. तरीही उत्तर न दिल्याने त्या प्रकरणात कारवाई रद्द झाली नाही, कारण कर्जदाराने देणे मान्य करून पुन्हा पुन्हा मुदत मागितली होती. माझ्या मते प्रत्येक कर्जदाराने यातून घ्यायची गोष्ट ही: उत्तरात हरकत असावी, नुसती विनवणी नसावी. हप्ते नियमित करण्याचा प्रस्ताव द्यायचाच असेल तर तो वेगळ्या पत्रात द्यावा, आणि पाळता येणार नाही अशी तारीख त्यात लिहू नये.

उत्तर नोटिशीखाली सही असलेल्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या नावे द्यायचे. ओळखीच्या शाखा व्यवस्थापकाला तोंडी सांगून भागत नाही. एक प्रत स्पीड पोस्टने पाठवावी, दुसरी शाखेत देऊन आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यावा. १७ मार्चचा शिक्का असेल तर बँकेचे पंधरा दिवस १ एप्रिलला संपतात.

आता दुसरा कागद. समजा बँकेने "हरकती अमान्य" एवढीच एक ओळ पाठवली आणि २० मे रोजी दारावर ताब्याची नोटीस चिकटवली. सात दिवसांत ती दोन वर्तमानपत्रांतही येते, त्यातले एक स्थानिक भाषेतले. घरात माणसे राहत असली आणि कुलूप त्यांचेच असले, तरी हा कायद्याच्या दृष्टीने सांकेतिक ताबा असतो. कलम १७ चा दरवाजा आता उघडतो आणि मुदत पंचेचाळीस दिवसांची, म्हणजे ४ जुलैपर्यंत. प्रत्यक्ष बाहेर काढायला बँक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम १४ खाली अर्ज करते, तेव्हा पाहू असे म्हणणाऱ्यांची ही मुदत तोवर निघून गेलेली असते.

हा अर्ज बँकेकडे नव्हे, न्यायाधिकरणाकडे. गोव्यातल्या कर्जदाराला त्यासाठी मुंबई गाठावी लागते. फोंड्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावून उपयोग नाही, कारण कलम ३४ ने ती वाट बंद केली आहे. अर्जाला शुल्क लागते, स्थगितीची मागणी वेगळी करावी लागते आणि ती देताना न्यायाधिकरण बहुधा काही रक्कम भरायला सांगते. १७ मार्चच्या शिक्क्याची प्रत इथे कामाला येते. एनपीएची हरकत आपण वेळेवर घेतली होती आणि बँकेने कारण न देता ती फेटाळली, हे त्या एका कागदाने दाखवता येते.

अर्ज प्रलंबित आहे म्हणून लिलाव आपोआप थांबत नाही. स्थगिती नसेल तर विक्रीची नोटीस कधी प्रसिद्ध होते यावर लक्ष ठेवावे. सर्व देणी भरून घर सोडवून घेण्याचा हक्क ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच वापरावा लागतो.