लग्नाची रजा: अर्ज कुठे अडतो?

नाशिकमध्ये सातपूर-अंबडपासून कॉलेज रोडपर्यंत लग्नाच्या रजेचे अर्ज परत येतात ते बहुतेक वेळा दिवस चुकीचे मोजल्यामुळे. दुकाने, शोरूम, खासगी कार्यालये यांना लागू असलेल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यात (वीस किंवा अधिक कामगार असतील तर) लग्नासाठी वेगळी रजा नाही. ती आपल्या पगारी रजेतूनच काढावी लागते. मागच्या कॅलेंडर वर्षात किमान २४० दिवस काम झालेले असेल, तर दर २० दिवसांमागे एक रजा यावर्षी मिळते. मागच्या जूनमध्ये रुजू झालेल्याचे डिसेंबरपर्यंत २४० दिवस भरतच नाहीत, म्हणून तारीख पक्की करण्याआधी शिल्लक रजा बघून घ्या.

आता हिशेब. समजा २४० दिवस भरले, रजा १२. शनिवारी हळद, रविवारी लग्न, मंगळवारी सत्यनारायण, बुधवारी केरळला. परतीचे विमान पुढच्या मंगळवारी रात्री ११ ला मुंबईत. बरेच जण शुक्रवार ते मंगळवार लिहितात आणि बुधवारी सकाळी हजर होतो म्हणतात. मुंबईहून कसारा घाट चढून घरी पोचायला पहाट होते, तेव्हा बुधवारही रजेतच धरा. कामाचे दिवस भरतात ११. मधले दोन रविवारही रजेत मोजायचा नियम कंपनीत असेल तर १३ होतात आणि एक दिवस बिनपगारी जातो. हे एचआरला आधीच, लेखी विचारा. किरकोळ रजा वर्षाला आठ असतात, पण त्या पगारी रजेला जोडू देतात का, हेही त्याच मेलमध्ये विचारून घ्या.

कंपनीत पंधरा दिवस आधी अर्ज करण्याचा नियम असेल, तर ते रजा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी. लग्न रविवारी असले तरी मोजायचे शुक्रवारपासून मागे. ही चूक फार जणांकडून होते. खरे तर तीन महिने आधी दिलेला अर्ज सहसा कुणी नाकारत नाही, मॅनेजरलाही बदली माणूस बघायला वेळ मिळतो.

कागदपत्रांचा त्रास वेगळाच. काही ठिकाणी फॉर्मवर विवाह नोंदणी दाखला मागतात. लग्नच झालेले नाही तर दाखला आणायचा कुठून? फॉर्म बनवणाऱ्याने एवढा विचार करायला हवा होता. तीन महिने आधी पत्रिकाही छापलेली नसते. अशा वेळी मंगल कार्यालयाच्या बुकिंगची पावती जोडा आणि अर्जात लिहा: “पत्रिका छापून आल्यावर व नोंदणी दाखला रुजू झाल्यानंतर सादर करीन.”

हनिमूनसाठी दुसरा अर्ज करू नका, तो लग्नानंतरची वाढीव रजा समजून अडवतात. एकाच अर्जात “स्वतःचे लग्न व त्यानंतरचा प्रवास” लिहा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. मॅनेजर तोंडी “घे रे, बघू आपण” म्हणाले तरी ती मंजुरी नव्हे. मेलवर होकार येईपर्यंत पैसे परत न मिळणारे तिकीट काढू नका.