दिवाळी नसलेले बारा महिने

ठाण्यात नौपाड्यात माझ्या वहिनीचा फराळाचा घरगुती उद्योग आहे. दर महिन्याच्या शेवटी ती विक्रीचा आकडा एका एक्सेल शीटमध्ये भरते. सोयीसाठी गोल केलेले आकडे सांगतो. ऑक्टोबर 2022 मध्ये 9 लाखांची विक्री झाली, नोव्हेंबरमध्ये 2 लाखांची. म्हणून धंदा बसला असं कोणी म्हणणार नाही, कारण त्या वर्षी लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं आणि भाऊबीज झाल्यावर चकलीला कोण विचारतं? पण मग धंदा खरोखर वाढतोय की नाही, हे अशा वरखाली आकड्यांतून ओळखायचं कसं?

त्यासाठी तिने शेजारी एक रकाना वाढवला: मागील बारा महिन्यांची बेरीज. विक्री शीटच्या B रकान्यात दुसऱ्या ओळीपासून असेल, तर शेजारच्या रकान्यात तेराव्या ओळीत इतकंच लिहायचं आणि सूत्र खाली ओढत न्यायचं:

```
=SUM(B2:B13)
```

दर महिन्याला नवा महिना आत येतो आणि गेल्या वर्षीचा तोच महिना बाहेर पडतो. जून आला की जून जातो. मधले अकरा महिने जसेच्या तसे राहतात, म्हणून बेरीज जेवढी हलते, तो या जूनचा आणि गेल्या जूनचा फरक असतो. जून 2022 मध्ये 1.9 लाख आणि जून 2023 मध्ये 2.1 लाख विक्री झाली, तेव्हा बेरीज 20 हजारांनी वर गेली. पावसाळ्यात विक्री मंद असते ही गोष्ट दोन्ही जूनना सारखीच लागू आहे, त्यामुळे ती वजाबाकीत निघून जाते. ऋतूंचा चढउतार पुसला जातो तो असा.

सप्टेंबर 2023 अखेर ही बेरीज 38.4 लाख होती. ऑक्टोबर भरला आणि ती एकदम 35.4 वर आली. वहिनीचा फोन आला, आवाज काळजीचा. भाजणीचं प्रमाण बदललं होतं, त्यामुळे गिऱ्हाईक तुटलं की काय, अशी तिला शंका. आम्ही दोघांनी शीट उघडली. बाहेर पडला होता 9 लाखांचा ऑक्टोबर, आत आला होता 6 लाखांचा. मग कॅलेंडर पाहिलं. 2023 मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे दिवाळी 12 नोव्हेंबरला होती. म्हणजे नोव्हेंबर 2022 ते ऑक्टोबर 2023 या बारा महिन्यांत एकही दिवाळी नव्हती! पुढचा महिना भरला: 2 लाखांच्या जागी 5.6 लाख. बेरीज 39 लाखांवर गेली. दोन्ही महिने एकत्र धरले तर 11 लाखांचे 11.6 झाले होते. भाजणी निर्दोष सुटली.

पुढच्या वर्षी याच्या उलट झालं. 2024 ची दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस सुरू झाली, फराळ ऑक्टोबरमध्येच संपला. त्यामुळे नोव्हेंबर 2023 ते ऑक्टोबर 2024 या बारा महिन्यांत दोन दिवाळ्यांची विक्री आली आणि बेरीज उगाच फुगली. त्या आकड्यावर विसंबून नवी बाई कामाला ठेवली असती, तर नोव्हेंबरअखेर पस्तावायची वेळ आली असती.

मूळ कारण असं की चांद्र वर्ष सुमारे 354 दिवसांचं असतं. सण दर वर्षी अकराएक दिवस अलीकडे सरकतो आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे जातो. पण ही उडी बेतालपणे पडत नाही. लक्ष्मीपूजन ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतच येतं. त्यामुळे बारा महिन्यांची चौकट ऑक्टोबरअखेर संपते तेव्हाच ती दिवाळीला कापते. इतर कोणत्याही महिन्याअखेर तिच्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरची लागोपाठची जोडी असते, म्हणून दिवाळी बरोबर एकच. मोदकांच्या विक्रीत हीच अडचण ऑगस्टअखेर येते, कारण गणपती ऑगस्टच्या उत्तरार्धात किंवा सप्टेंबरमध्ये बसतात. वहिनी आता ऑगस्ट आणि ऑक्टोबरच्या बेरजेवर पेन्सिलने फुली मारते आणि पुढच्या महिन्याची वाट पाहते.

एकदाच आलेल्या मोठ्या ऑर्डरचं मात्र कॅलेंडरवर दिसत नाही. मे 2023 मध्ये एका लग्नाच्या रुखवतासाठी दीड लाखाचं काम मिळालं होतं. ते बेरजेत वर्षभर राहिलं आणि मे 2024 मध्ये बाहेर पडलं, तेव्हा त्या महिन्यात काहीच बिघडलेलं नसताना बेरीज खाली आली. म्हणून बेरीज हलली की आधी बाहेर गेलेला महिना पाहायचा, मग आत आलेला.

श्रीखंड विकणाऱ्यांनी तर आर्थिक वर्षाचाच आकडा जपून वाचावा. गुढीपाडवा 2023 मध्ये 22 मार्चला होता, 2024 मध्ये 9 एप्रिलला आणि 2025 मध्ये 30 मार्चला. म्हणजे 2023-24 या आर्थिक वर्षात पाडवा आलाच नाही, आणि 2024-25 मध्ये तो दोनदा आला.