आषाढीचं भजन शनिवारी कसं गेलं: व्हायव्हाच्या ओपनिंग स्टेटमेंटमागची पार्श्वभूमी

पुढच्या महिन्यात माझ्या प्रबंधाचा ओपन व्हायव्हा, म्हणजे सगळ्यांसमोरची तोंडी परीक्षा आहे, विषय परदेशातल्या देवळांमधलं बदलतं भजन. ओपनिंग स्टेटमेंटला दहाच मिनिटं मिळतात, त्यात इतिहास सांगत बसले तर मुद्दाच राहून जाईल, म्हणून मागची गोष्ट इथं लिहून ठेवतेय. फलटण-लोणंद भागातल्या माणसाला वीणेकरी कुठं उभा राहतो, मृदंगाला कणिक का लावतात, हे मी सांगायला नको. माउलींची पालखी आपल्या दारातनं जाते, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघतच आपण मोठं झालो.

जुना भाग थोडक्यात. 1834 पासून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर मॉरिशसला गेले, 1845 पासून त्रिनिदादला. मॉरिशसला गेलेल्यांत मराठी माणसंही होती, आणि त्यांनी भजन टिकवलं ते उसाच्या मळ्यावर राहून. तिथं सुट्टी मालकाच्या हातात, त्यामुळं देवाचा दिवस आणि कामाचा दिवस यांची ओढाताण तेव्हापासूनची आहे. माझा प्रबंध त्यांच्यावर नाही, तो अमेरिकेवर आहे.

अमेरिकेत 1965 ला इमिग्रेशनचा कायदा बदलला आणि शिकलेली माणसं जायला लागली, डॉक्टर, इंजिनिअर. सुरुवातीला भजन कुणाच्या तरी घराच्या बेसमेंटमध्ये नाहीतर शाळेचा हॉल भाड्यानं घेऊन व्हायचं. 1976-77 ला पिट्सबर्ग आणि न्यूयॉर्कला मोठी देवळं उभी राहिली, ती दाक्षिणात्य पद्धतीची, मग गावोगावी सगळ्या भाषांच्या लोकांनी मिळून बांधलेली देवळं आली. विठोबाची मूर्ती असलीच तर एका कोनाड्यात. हॉल सगळ्यांचा असल्यामुळं मराठी मंडळींना वेळ मिळतो तो वाटून, म्हणजे स्लॉट. माझ्या सगळ्या प्रबंधाचा खिळा या स्लॉटवर आहे. भजन बदललं ते श्रद्धा कमी झाली म्हणून किंवा टाळ मिळत नाहीत म्हणून नव्हे, ते बदललं शनिवारी पाच ते सात या वेळेमुळं.

आता वादाचा विषय, एकादशी शनिवारी करण्याचा निर्णय. यावर मला नक्की प्रश्न येणार म्हणून जरा सविस्तर लिहिते. 2024 ची आषाढी घ्या. बुधवार, 17 जुलै. न्यू जर्सीत बुधवारी लोक सातला ऑफिसातनं येणार, दुसऱ्या दिवशी पोरांना समर कॅम्पला सोडायचं, बुधवारी भजन ठेवलं तर आठ-दहा माणसं. मग मागचा शनिवार 13 आणि पुढचा 20. पुढच्या शनिवारला लागून रविवारी 21 ला गुरुपौर्णिमा, त्या वीकेंडला हॉलवर दुसऱ्या मंडळींचा हक्क, त्यामुळं मी ज्या देवळाचा अभ्यास केला तिथं 13 तारीख ठरली. त्या दिवशी पालखी अजून सोलापूर जिल्ह्यात वाटेवर होती आणि तिकडं मात्र विठ्ठलाची महाआरती झाली. जुन्या लोकांना हे फार लागलं, आणि मला त्यांचं लागणं समजतं.

पण त्यांचं म्हणणं "तिथी म्हणजे तिथी, पंढरपूरला ज्या दिवशी त्याच दिवशी" असं असेल तर ते तेवढं सरळ नाही. आपण एकादशी धरतो ती सूर्योदयाला कुठली तिथी आहे ते बघून. समजा एकादशी आपल्याकडं बुधवारी दुपारी दोनला संपली. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं, म्हणजे तिथं ती बुधवारी पहाटे साडेचारला संपली, सूर्य उगवायच्या आधी. मग तिथल्या पंचांगानं एकादशी मंगळवारी. 2024 ला ती रात्री नऊच्या सुमारास संपली म्हणून दोन्हीकडं बुधवारच आला, पण प्रत्येक वेळी असं जमत नाही. आणि आपल्याकडं तरी कॅलेंडरवर स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या छापून येतात की, वारकरी भागवत धरतात. त्यामुळं दिवस एकच असतो हे गृहीतच धरता येत नाही.

माझ्या मते खरं नुकसान तारखेचं नाहीच, उपवास आणि भजन एकमेकांपासून सुटले ते आहे. एकादशीला उपवास, रात्री जागर, द्वादशीला पारणं, ही एक अखंड गोष्ट आहे, भजन रात्रभर चालतं कारण माणसं उपाशी आणि जागी असतात. तिकडं उपवास बुधवारी ऑफिसच्या डेस्कवर झाला आणि भजन शनिवारी. मग प्रसादावरनं भांडण, कारण शनिवारी एकादशी नाही म्हणून मसालेभात चालतो म्हणणारे एक, आणि विठ्ठलासमोर एकादशीच्या नावानं भात कसा वाढायचा म्हणून साबुदाण्याची खिचडीच करा म्हणणारे दुसरे. मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या एक काकू दोन्ही करून आणतात आणि खिचडी नैवेद्याला पुढं ठेवतात.

2025 ला आषाढी रविवारी आली, 6 जुलै, म्हणजे तिथी आणि सुट्टी जुळली, वाद मिटायला पाहिजे होता. पण तरी भजन दोनच तास, सातला देवळाची आरती म्हणजे हॉल सोडायचा. म्हणून मी तारखेपेक्षा वेळेवर जोर देते.

दोन तासात काय गळतं ते बघा. रूपाचे अभंग एखाद-दुसरे, पंचपदी पूर्ण होत नाही, गवळण वगळतात, पसायदान राहतं कारण ते सगळ्यांना पाठ. बाकीचा वेळ घरटी वाटलेला, प्रत्येक कुटुंबाचा एक अभंग, बहुतेक रेकॉर्डवर ऐकलेल्या चालीत. आपल्याकडं एकानं चरण म्हणायचं आणि टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलायचं, लय चढवत न्यायची. तिकडं एकजण माइकवर गातो, बाकीचे स्क्रीनवरचे रोमन अक्षरातले शब्द वाचत ऐकतात. मृदंगाऐवजी तबला, कारण मृदंग वाजवणारा नाही, आणि असला तर हिवाळ्यात हीटरच्या कोरड्या हवेत पुडी ताणून स्वर चढतो.

एक गोष्ट मला पुस्तकात कुठं सापडली नाही, ती फील्डवर्कमधनं कळली. खरी चाल तिकडं नेतात ते व्हिजिटर व्हिसावर गेलेले आई-वडील. साधारण सहा महिने राहतात, मे ते ऑक्टोबर, थंडी पडायच्या आत परत. कोरेगाव, कऱ्हाडकडचे निवृत्त टाळकरी असले की उन्हाळ्यात ध्रुपद उचललं जातं, पावली होते, कार्तिकी एकादशीला तेच भजन पुन्हा माइकवर. एकाच देवळात एकाच वर्षात दोन भजनं. आषाढीचे व्हिडिओ बघून निष्कर्ष काढला तर चुकतो, कार्तिकीचेही बघायला लागतात.

त्यात 2020 आलं. ऑनलाइन भजनात आवाज मागंपुढं पोचतो, दोघांनी एकत्र टाळ धरला की सगळं विस्कटतं, म्हणून एक गाणार आणि बाकीचे म्यूट. ध्रुपद उचलणं तिथं शक्यच नव्हतं. पुन्हा हॉलमध्ये आल्यावरही ऐकायची सवय राहिली, विशेषतः जी पोरं त्या काळात भजनाला बसायला लागली त्यांना भजन म्हणजे एकानं गायचं असंच माहीत आहे. शनिवारचा बदल कमिटीनं ठरवून केला, हा नुसतं ऐकत बसण्याचा बदल कुणीच ठरवला नाही, म्हणून चौथ्या प्रकरणात मी दोन्ही वेगळे ठेवलेत आणि बाहेरच्या परीक्षकांनी त्यावरच सगळ्यात जास्त शेरे मारलेत.