एकाच भिंतीवर अखंड चढत जाणारा खेळाडू

मी फावल्या वेळात एक छोटा द्विमितीय प्लॅटफॉर्मर गेम बनवतो आहे. त्यातली पहिली पातळी तयार झाली तेव्हा ती माझ्या भाच्याला खेळायला दिली. उजवीकडे धावायचं, खड्डे ओलांडायचे आणि शेवटी दोन भिंतींमधल्या बोळातून या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारत वर पोचायचं, असा मार्ग मी आखला होता. तो त्या बोळापर्यंत गेलाच नाही. सुरुवातीलाच एक उंच भिंत होती. तिला चिकटून त्याने उडीचं बटण पटापट दाबलं आणि त्याचं पात्र त्या एकाच भिंतीवरून टप्प्याटप्प्याने वर जाऊ लागलं. काही सेकंदांत ते पडद्याच्या वर, मी काहीच रंगवलं नव्हतं तिथे पोचलं. "मामा, वरती काहीच नाहीये!" तो म्हणाला.

वॉल जंप, म्हणजे भिंतीला रेटा देऊन मारलेली उडी, असलेल्या गेममधला हा फार नेहमीचा बग आहे. त्याचं मूळ उडीत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते भलतीकडेच असतं.

लहानपणी दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना पाय रोवून वर चढल्याचं अनेकांना आठवत असेल. एका बाजूचा रेटा दुसऱ्या बाजूने पेलला जातो, म्हणून ते जमतं. समोर एकच भिंत असेल तर तिला पायाने रेटा देताच आपण तिच्यापासून दूर फेकले जातो. एकदा हवेत गेल्यावर आपल्याला परत भिंतीकडे नेणारं काहीच उरत नाही, कारण हवेत पाय रोवायला जागा नसते. आडवा वेग आहे तसाच राहतो आणि गुरुत्वाकर्षण आपल्याला खाली आणतं.

गेममध्ये मात्र हवेत असतानाही खेळाडू डावं-उजवं बटण दाबून दिशा बदलू शकतो. ही मुभा नसेल तर गेम लाकडासारखा ताठ वाटतो, म्हणून जवळपास प्रत्येक प्लॅटफॉर्मरमध्ये ती असते. आणि अखंड चढाई नेमकी तिच्यामुळे होते. भिंतीने दूर ढकललेला खेळाडू हवेतच वळतो आणि खाली पडायच्या आत भिंतीला परत चिकटतो.

माझ्या गेममधले आकडे घेऊन हे पाहू. पातळीचा नकाशा चौकोनांचा बनलेला आहे आणि एक चौकोन १६ पिक्सेलचा आहे. गुरुत्वाकर्षण खालच्या दिशेचा वेग दर सेकंदाला ९०० पिक्सेल प्रतिसेकंदाने वाढवतं. वॉल जंप केली की खेळाडूला वर ३०० आणि भिंतीपासून दूर १५० पिक्सेल प्रतिसेकंद असा वेग मिळतो. हवेत दिशेचं बटण दाबलं तर आडवा वेग दर सेकंदाला १५०० ने बदलतो, पण १५० च्या पुढे जात नाही.

आता खेळाडूने भिंतीकडचं बटण दाबूनच ठेवलं आहे असं समजा. दूर जाण्याचा १५० चा वेग ०.१ सेकंदात शून्य होतो. तोवर तो भिंतीपासून जेमतेम साडेसात पिक्सेल दूर गेलेला असतो, म्हणजे अर्धा चौकोनसुद्धा नाही. पुढच्या ०.१ सेकंदात तो भिंतीला परत टेकतो. या ०.२ सेकंदांत तो ४२ पिक्सेल वर आलेला असतो. उडीचं शिखर ५० पिक्सेलवर आहे, तेव्हा तो अजून वरच जातो आहे. तिथे पुन्हा बटण दाबलं की आणखी ४२ पिक्सेल. सेकंदाला अशा पाच उड्या बसतात. भाचा आकाशात पोचला तो असा.

यावरचा सगळ्यात प्रसिद्ध उपाय म्हणजे इनपुट लॉकआउट. वॉल जंपनंतर काही क्षण डाव्या-उजव्या बटणाकडे गेम लक्षच देत नाही, आणि खेळाडू भिंतीपासून दूर जातच राहतो. एक प्रकारे तेवढ्या वेळापुरता खरा निसर्गनियम गेममध्ये परत आणला जातो. कुलूप फक्त आडव्या दिशेला लावायचं, उडीच्या बटणाला नाही. नाहीतर समोरची भिंत जवळ असेल तेव्हा खेळाडूने वेळेवर दाबलेली उडी वाया जाते आणि तो चिडतो.

मी आधी ४ फ्रेमचं लॉकआउट लावलं. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, तेव्हा हे झाले सुमारे ०.०६७ सेकंद. परिणाम पाहून मी चक्रावलो. चढाई थांबली नव्हतीच, उलट आता प्रत्येक उडीत ४२ च्या जागी पूर्ण ५० पिक्सेल मिळत होते.

हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. लॉकआउट जितका वेळ चालतं तितका वेळ खेळाडू जास्त दूर जातो, आणि ते जादा अंतर परत यायलाही तितकाच वेळ लागतो. म्हणून भिंतीवर परतण्याचा एकूण वेळ म्हणजे ०.२ सेकंद अधिक लॉकआउटच्या दुप्पट. ४ फ्रेमच्या लॉकआउटमध्ये हा वेळ ०.३३ सेकंद होतो, आणि उडीचं शिखर येतं तेही नेमकं त्याच क्षणाला. पूर्वी खेळाडू शिखर यायच्या आधीच भिंतीला चिकटत होता, आता तो बरोबर शिखरावर चिकटू लागला. दर उडीला वेळ जास्त लागत असल्यामुळे चढाईचा वेग कमी झाला होता, पण चढाई चालूच होती.

लॉकआउट ९ फ्रेमचं केलं तर परतायला अर्धा सेकंद लागतो. तोवर खेळाडू शिखरावरून थोडा खाली आलेला असतो, तरीही उडी मारली त्या जागेपेक्षा साडेसदतीस पिक्सेल वरच. उडी मारली त्याच उंचीवर तो परत यावा, यासाठी १४ फ्रेम लागतात. म्हणजे जवळजवळ पाव सेकंद. आकड्यात हे किरकोळ दिसतं, पण हातात कंट्रोलर असताना पाव सेकंद गेमने आपलं ऐकू नये, हे फार खुपतं. ज्याने चुकून उडी मारली त्याला स्वतःला सावरताच येत नाही. निव्वळ लॉकआउटवर विसंबलं की एका बगपायी अख्ख्या गेमचा हात जड होतो, असं माझं मत आहे.

लॉकआउटला आणखी एक पळवाट असू शकते, आणि तिचं उत्तम उदाहरण 'सेलेस्ट' या २०१८ च्या गेममध्ये आहे. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्यातल्या खेळाडूचा कोड सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात वॉल जंपनंतर ०.१६ सेकंद खेळाडूला सक्तीने भिंतीपासून दूर नेलं जातं. पण ही सक्ती उडीच्या क्षणी दिशेचं बटण दाबलेलं असेल तरच लागू होते. बटण सोडून उडी मारली आणि लगेच भिंतीकडे वळलं, तर लॉकआउट लागतच नाही, आणि एकाच भिंतीवर चढत राहता येतं. खेळणारे याला न्यूट्रल जंप म्हणतात. 'सेलेस्ट'मध्ये भिंत धरून चढायला दम खर्च होतो. पूर्ण दम ११० एकक असतो आणि धरलेल्या भिंतीवरून सरळ वर मारलेल्या एका उडीला २७.५ एकक लागतात, म्हणजे चार उड्यांत दम संपतो. न्यूट्रल जंपला मात्र दम लागतच नाही. तिथे ते कसबी खेळाडूंचं हत्यार झालं आहे. १९९३ च्या 'मेगा मॅन एक्स'मध्ये तर एकाच भिंतीवर उड्या मारत चढणं हा खेळाचाच भाग आहे आणि तिथल्या पातळ्या ते धरूनच रचल्या आहेत. माझी पातळी तशी रचलेली नव्हती, म्हणून मला ते बंद करणं भाग होतं.

तेव्हा दोन कामं वेगळी केली. लॉकआउट ८ फ्रेमचं ठेवलं, ते केवळ उडीला भिंतीपासून दूर जाणारा नीट आकार यावा म्हणून. चढाई अडवण्याचं काम दुसऱ्या नियमाकडे दिलं: एकदा ज्या भिंतीवरून उडी मारली ती भिंत लगेच परत वापरता येणार नाही. जमिनीवर पाय टेकला किंवा दुसऱ्या भिंतीवरून उडी मारली, की बंदी उठते.

हे बोलायला सोपं आहे. 'तीच भिंत' म्हणजे कोणती, हे गेमला सांगताना पंचाईत होते. मी आधी टक्कर झालेल्या वस्तूची ओळख लक्षात ठेवली. माझ्या नकाशात प्रत्येक चौकोन ही वेगळी वस्तू होती, त्यामुळे दर १६ पिक्सेलला गेमला नवीन भिंत दिसत होती आणि चढाई जशीच्या तशी राहिली. मग सगळे चौकोन जोडून एकच वस्तू केली, तर बोळाच्या दोन्ही भिंती गेमच्या लेखी एकच झाल्या आणि बोळातून वर जाणंच बंद पडलं. शेवटी वस्तूचा नाद सोडला. भिंत खेळाडूच्या कोणत्या बाजूला आहे आणि तिला टेकताना खेळाडू कोणत्या आडव्या जागी होता, एवढंच लक्षात ठेवलं.

पूर्ण बंदीही मला कठोर वाटली. उडी चुकली आणि खेळाडू त्याच भिंतीवर पण खालच्या बाजूला येऊन टेकला, तर त्याला स्वतःला वाचवता यायला हवं. म्हणून अट उंचीवर घातली:

```gdscript
func can_wall_jump(side: int, wall_x: float) -> bool:
    if side != last_side or abs(wall_x - last_wall_x) > 4.0:
        return true
    return position.y > last_jump_y
```

मी वापरतो त्या गोडो या गेम इंजिनमध्ये `y` खालच्या दिशेने वाढतो, म्हणून शेवटची ओळ सांगते की मागच्या उडीच्या जागेपेक्षा खाली असाल तरच त्याच भिंतीवरून उडी मिळेल. उडी मारली की `last_side`, `last_wall_x` आणि `last_jump_y` या तिन्ही नोंदी बदलतात, आणि जमिनीवर उतरलं की `last_side` शून्य होतो. दर वेळची सुरुवात आधीच्यापेक्षा खालून होत असल्यामुळे पहिल्या उडीच्या शिखराच्या वर खेळाडू कधीच जाऊ शकत नाही. दातेरी भिंत मात्र या नियमाला फसवू शकते, कारण प्रत्येक दात वेगळ्या आडव्या जागी असतो. तशी भिंत काढताना आपणच लक्ष ठेवावं लागतं.

एवढं करूनही एका ठिकाणी चढाई शिल्लक होती. कधी उडी मिळायची, कधी नाही. `last_side` पडद्याच्या कोपऱ्यात छापून ठेवला तेव्हा खेळाडू हवेत असतानाच तो मध्येच शून्य होताना दिसला. जमीन ओळखण्यासाठी पायाखाली ठेवलेली पट्टी शरीराइतकीच रुंद होती. भिंतीला चिकटल्यावर तिची कड भिंतीतल्या चौकोनाच्या वरच्या काठाला लागायची आणि गेमला वाटायचं की पाय जमिनीवर टेकले. पट्टी दोन्ही बाजूंनी २ पिक्सेलने आत घेतली आणि हा प्रकार थांबला.

भाच्याला गेम परत दिला. तो आधी त्याच उंच भिंतीकडे गेला. वर जाता येत नाही हे कळल्यावर त्याने दुसरा खेळ शोधला: मागच्या उडीच्या जागेपेक्षा एक-दोन पिक्सेल खाली येईपर्यंत भिंतीवर घसरायचं, उडी मारायची, परत यायचं, पुन्हा तसंच घसरायचं. चढता येत नसलं तरी एकाच जागी कितीतरी वेळ टिकून राहता येत होतं, आणि खाली मी ठेवलेल्या काट्यांची भीतीच उरली नव्हती. मग शेवटच्या ओळीत `last_jump_y` च्या पुढे `+ 16.0` जोडलं. आता त्याच भिंतीवरून उडी हवी असेल तर निदान एक चौकोन खाली यावं लागतं. तिसऱ्यांदा खेळताना तो तीन उड्यांनंतर काट्यांवर पडला, आणि मग उजवीकडच्या बोळाकडे निघाला.