इन्कॉग्निटो कुणापासून लपवतं?

"ब्राउझरच्या इन्कॉग्निटो विंडोमध्ये साइट उघडली तर ऑफिसला कळत नाही ना?"

कळू शकतं. विंडो बंद केल्यावर हिस्ट्री आणि कुकीज पुसल्या जातात, पण फक्त तुमच्या लॅपटॉपवरून. ऑफिसच्या वायफायवर naukri.com उघडलंत, तर त्या नावाचा पत्ता सहसा कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या संगणकाला, विचारला जातो आणि ते नाव त्याच्या नोंदींमध्ये वेळेसकट राहू शकतं. लॅपटॉपवर कंपनीचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कंपनीने दिलेल्या सर्टिफिकेटांवर ब्राउझरला विश्वास ठेवायला लावणारी फाइल, असेल, तर कंपनीला वाटेत पानातला मजकूरही वाचता येतो. हे ओळखायला अ‍ॅड्रेस बारच्या डावीकडच्या चिन्हातून सर्टिफिकेट उघडा. Issued By खाली कंपनीचं किंवा फायरवॉलचं नाव दिसलं, की समजा वाटेत पाकीट फोडलं जातंय.

जेवणाच्या सुट्टीत रेल्वेचं तिकीट काढणं बऱ्याच कंपन्यांच्या इंटरनेट वापराच्या धोरणांत चालतं. ग्राहकांची एक्सेल स्वतःच्या जीमेलवर पाठवणं मात्र नाही, अगदी 'घरी काम संपवायला' असलं तरी.